स्टुटगार्टला पोहोचणारा डबा: परदेशात नव्याने गेलेल्या मैत्रिणीला काय पाठवावं आणि कसं

आपलं माणूस परदेशी गेलं की पहिले दीड-दोन महिने त्याला एकटं वाटायला वेळच नसतो. घर शोधायचं, पत्त्याची नोंदणी करायची, बँकेचं खातं उघडायचं, आरोग्य विमा काढायचा, यातच दिवस जातात. ही कामं संपतात आणि संध्याकाळी साडेसहाला खोलीचं दार उघडताना लक्षात येतं की आज ऑफिसबाहेर आपण कोणाशीच बोललो नाही. भेट पोहोचायला हवी ती या सुमाराला, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. आपण मात्र बहुतेक वेळा माणूस गेल्या गेल्या दुसऱ्याच आठवड्यात भलंमोठं खोकं पाठवतो.

मी लालबागला राहते. माझी शाळेपासूनची मैत्रीण सप्टेंबरच्या शेवटी नोकरीसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला गेली. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, हे मला ती गेल्यावर कळलं.) तिला पाठवलेल्या दोन डब्यांवरून जे समजलं ते इथे क्रमाने सांगते. नियम जर्मनीचे आहेत. खाण्याच्या वस्तूंचे नियम युरोपीय संघातल्या इतर देशांतही बरेचसे असेच असतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथले नियम आणि करमाफीचे आकडे वेगळे, तेव्हा तिकडे पाठवायचं असेल तर त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाचं पान आधी वाचा.

परत आलेला डबा

पहिला डबा दिवाळीचा होता. तुपातले रवा-बेसन लाडू, पेढे, लोण्याची चकली, चिवडा, शंकरपाळे, शिवाय सर्दीची गोळी आणि आईने दिलेलं चूर्ण. खोकं ४५ बाय ३५ बाय ३० सेंटिमीटरचं, वजन सहा किलो. पावतीवर मात्र साडेनऊ किलोचे पैसे लागले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोच डबा लालबागला परत आला. फराळ खवट झालेला, आणि खोक्यावर तिकडच्या दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दिवाळीच्या दिवसांत ती तिकडे रोज खिडकीतून टपालाची गाडी बघत होती, हे तिने मला फार नंतर सांगितलं.

त्यात तीन चुका होत्या आणि तिन्ही टाळता येण्यासारख्या होत्या. पत्ता अपुरा होता, आतल्या निम्म्या वस्तू तिकडे चालणाऱ्या नव्हत्या आणि खोकं गरजेपेक्षा मोठं होतं.

आधी पत्ता नीट करून घ्या

आपल्याकडे पत्ता म्हणजे इमारत, मजला, खोली नंबर. जर्मनीत पत्त्यात सहसा खोली नंबर नसतो. रस्त्याचं नाव, घर क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि शहर एवढंच लिहितात. एका दारामागे दहा घरं असली तरी टपालवाला बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव वाचूनच वस्तू देतो. तिथे नाव नसेल तर पत्ता अगदी बरोबर असला तरी पार्सल परत फिरतं.

नवं माणूस पहिले काही महिने बहुधा कोणाच्या तरी घरात पोटभाडेकरू म्हणून राहतं आणि पेटीवर घरमालकाचंच नाव असतं. माझ्या मैत्रिणीचं तसंच झालं. म्हणून पार्सल करण्याआधी तिला सांगा, "खाली जा आणि पत्रपेटीचा फोटो काढून पाठव." फोटोत तिचं नाव दिसलं नाही तर दोन उपाय आहेत. घरमालकाला विचारून आपल्या नावाची पट्टी लावायची, किंवा पत्त्यात तिच्या नावाखाली `c/o` लिहून पेटीवरचं नाव जसंच्या तसं लिहायचं. मला विचाराल तर पट्टी लावणंच बरं, कारण बँकेची, विम्याची, करखात्याची पत्रंही तिथेच येणार असतात. पट्टीवरचं स्पेलिंग आणि पार्सलवरचं स्पेलिंग एकच ठेवा. तिचा तिकडचा मोबाइल नंबरही लेबलवर हवा.

दारावर कोणी नसेल तर तिकडे पार्सल बरेचदा शेजाऱ्याकडे ठेवतात आणि कोणाकडे ठेवलं ते सांगणारं कार्ड पेटीत टाकतात. नाहीतर ते जवळच्या टपाल केंद्रात जातं. तिथे ते काही दिवसच थांबतं आणि घ्यायला जाताना पासपोर्ट न्यावा लागतो. हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, कारण नव्या माणसाला ते कार्ड जाहिरातीचा कागद वाटू शकतं.

काय जात नाही

युरोपीय संघाबाहेरून टपालाने मांस आणि दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. आपल्या दृष्टीने याचा अर्थ तूप, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंडाच्या वड्या बंद. लाडवात तूप थोडंच असतं, बिस्किटांना आणि मिठाईला काही सवलतीही आहेत. पण घरच्या लाडवात नेमकं काय आहे हे सीमाशुल्काच्या टेबलावर कोण सिद्ध करणार? त्यापेक्षा दूध, तूप, लोणी नसलेले पदार्थच निवडलेले बरे. त्यात तिचं काही अडतही नाही. लोणी तिकडे उत्तम मिळतं, ते कढवून तूप घरी करता येतं. दहीही सहज मिळतं.

ताजा कढीपत्ता, ताज्या मिरच्या, पेरणीचं बी, कुंडीत लावायची तुळस यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तेही नको.

औषधं टपालाने अजिबात पाठवू नका. जर्मनीत खासगी व्यक्तीला संघाबाहेरून टपालाने औषध मागवता येत नाही. साधी तापाची गोळी असो की आयुर्वेदिक चूर्ण, सीमाशुल्कवाल्यांना ते औषधच वाटतं आणि त्यापायी अख्खं पार्सल अडकतं. कोणी प्रत्यक्ष जाणारं असेल तर ते स्वतःच्या गरजेपुरती औषधं बरोबर नेऊ शकतं, पण टपालाने नाही.

विमानातून न चालणाऱ्या वस्तू वेगळ्याच. पॉवर बँक, अत्तराची बाटली, स्प्रे हे बहुतेकांना माहीत असतं. कापूर मात्र विसरला जातो. तो ज्वलनशील म्हणून धरला जातो, त्यामुळे पूजेच्या पिशवीतून तो काढून ठेवा. उदबत्ती पाठवणार असाल तर तिला एक सांगा: तिकडे भाड्याच्या घरांत धूर ओळखणारं यंत्र छताला लावणं बंधनकारक आहे, तेव्हा उदबत्ती खिडकी उघडी ठेवूनच लावायची.

पंचेचाळीस युरोची रेषा

एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला अधूनमधून, मोबदला न घेता पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंतच्या किमतीची असेल तर त्यावर सीमाशुल्क आणि कर लागत नाही. युरोचा दर हलता असतो, म्हणून मी आतल्या मालाची किंमत साडेतीन हजार रुपयांच्या आत ठेवते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. दुकानातून ऑनलाइन मागवून थेट तिच्या पत्त्यावर पाठवलं तर ती भेट धरली जात नाही. पाठवणारी व्यक्ती नसते, दुकान असतं, आणि १ जुलै २०२१पासून अशा मालावर पहिल्या युरोपासून कर आहे. दादरच्या एखाद्या फराळवाल्याने "आम्हीच परस्पर पाठवतो" म्हटलं तर पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणाचं नाव जाणार हे विचारा. तुमचं नाव जाणार नसेल तर माल घरी आणा आणि स्वतः पाठवा.

घोषणापत्रावर "स्वीट्स" किंवा "फूड आयटम्स" असं मोघम लिहिलं की तपासणारा खोकं उघडतो. पदार्थ, त्यातली मुख्य वस्तू, वजन आणि किंमत वेगवेगळी लिहा. माझ्या दुसऱ्या डब्याच्या घोषणापत्रातल्या मुख्य ओळी, किमती सोडून, अशा होत्या:

```
GIFT - not for sale
Sesame-peanut brittle, no milk   550 g
Flattened rice snack, no milk    300 g
Ground spice mix, dry            200 g
Roasted lentil powder, dry       150 g
Dried kokum rind                 100 g
Steel bowl, used                 1 pc
```

किंमत शून्य लिहू नका आणि खरी किंमत लपवूही नका. शंका आली की ते बिल मागतात. मागणीचं पत्र तिच्या पेटीत जातं आणि तिला कामावर सुट्टी घेऊन सीमाशुल्क कचेरीत जावं लागतं. विकत घेतलेल्या वस्तूंची बिलं जपून ठेवा, फोटो तिलाही पाठवा.

काय पाठवायचं: तीन पुड्या

नियम कळले तरी मुख्य प्रश्न उरतोच. एकट्या माणसाला नुसतं खाणं पाठवलं तर ते एकटं बसून खातं. पहिला डबा वेळेत पोहोचला असता तरी माझ्या मैत्रिणीने तेच केलं असतं. म्हणून दुसऱ्या वेळी डब्यातला निम्मा माल मी तिच्यासाठी ठेवलाच नाही. आत तीन पुड्या केल्या आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तुझ्यासाठी", "ऑफिससाठी", "शेजाऱ्यांसाठी".

त्यासाठी सण निवडला संक्रांतीचा. नाताळच्या सुट्ट्या संपल्या की जानेवारीत तिकडे रोषणाई उतरते, सकाळी आठला अजून नीट उजाडलेलं नसतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुन्हा अंधारतं. नव्या माणसाला हाच महिना सर्वांत जड जातो. तिळगूळ तर वाटायचीच वस्तू. तो दुधाशिवाय होतो, टिकतो, आणि हातावर ठेवताना दोन शब्द बोलावेच लागतात. जर्मन ऑफिसांत ज्याचा वाढदिवस असतो तो स्वतःच सगळ्यांसाठी केक आणतो, त्यामुळे कोणी खाऊचा डबा घेऊन आलं तर ते तिकडे कोणाला विचित्र वाटत नाही.

वड्यांचं माप असं. पाव किलो पॉलिशचे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे. शंभर ग्रॅम शेंगदाणे भाजून, सालं काढून जाडसर कुटायचे. पाव किलो चिक्कीचा गूळ जाड बुडाच्या कढईत वितळवायचा आणि थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. थेंब मऊ राहिला, दाबला गेला तर पाक कच्चा. बोटांत धरून मोडल्यावर कट् आवाज आला की गॅस बंद करायचा आणि तीळ-कूट घालायचं. ताटाला आणि लाटण्याला तुपाऐवजी तेलाचा हात लावायचा, गरम असतानाच पातळ लाटून लहान वड्या कापायच्या. साठेक वड्या होतात. तुपातला मऊ लाडू चवीला मला जास्त आवडतो, पण प्रवासात तो दबतो आणि तुपाचा प्रश्न उरतोच. पाक कच्चा राहिला तर दहा दिवसांच्या प्रवासात सगळ्या वड्यांचा एक गोळा होतो, म्हणून ही परीक्षा सोडू नका.

मुंबईच्या हवेत गूळ फार लवकर पाणी सोडतो. वड्या पूर्ण गार झाल्या की त्याच संध्याकाळी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. रात्रभर ताटात उघड्या राहिल्या तर सकाळी चिकट होतात.

तीळ आणि शेंगदाणे दोन्ही काही लोकांना गंभीर बाधतात, आणि युरोपात खाण्याच्या वस्तूंवर त्यांचा उल्लेख सक्तीचा आहे. घरून पाठवलेल्या खाऊला ती सक्ती नसली तरी वाटणाऱ्याने सांगणं बरं. मी ऑफिसच्या पुडीत एक छोटी चिठ्ठी घातली, मैत्रिणीने ती तशीच डब्याला चिकटवली:

```
Enthält: Sesam, Erdnüsse. Ohne Milch, ohne Ei.
```

शेजाऱ्यांच्या पुडीत पंधरा वड्या, एका लहान स्टीलच्या डबीत. वर सांगितलं तसं पार्सल कधी कधी शेजाऱ्याकडेच उतरतं. तिचं तसंच उतरलं. खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ते ठेवलं होतं. तीन महिने त्या दोघींमध्ये जिन्यात "शुभ दिवस"पलीकडे काही बोलणं झालं नव्हतं. पार्सल घ्यायला तिला बेल वाजवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी डबी द्यायला पुन्हा वाजवावी लागली.

"तुझ्यासाठी" या पुडीत काय

इथे मी लालबागच्या चिवडा गल्लीतला पातळ पोह्यांचा चिवडा घेतला, शिवाय डंकावर कुटून आणलेला गोडा मसाला, मेतकूट आणि आमसूल. डाळी, तांदूळ, पापड पाठवून वजन वाढवू नका. मसूर, हरभरे तिकडच्या तुर्की दुकानांत मिळतात आणि तूरडाळ भारतीय दुकानात. जे तिकडे मिळतं पण आपल्या घरच्या चवीचं मिळत नाही, तेवढंच पाठवायचं.

आणि एक वाटी पाठवली. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली, रोज आमटीला मापायला घेतात ती. मैत्रीण फोनवर विचारायची, "डाळ किती?" आई सांगायची, "एक वाटी." पाणी अडीच वाट्या, गूळ सुपारीएवढा. तिकडे तिच्याकडे वाटीच नव्हती. मापाच्या कपाने घेतलेली डाळ कधी पातळ व्हायची, कधी घट्ट, आणि दोन-तीनदा बिघडल्यावर तिने आमटी करणंच सोडलं होतं. ती जुनी वाटी गेल्यावर आईचं सगळं मोजमाप तिकडे लागू झालं. या डब्यातली सगळ्यांत उपयोगी वस्तू कोणती विचाराल तर मी वाटी सांगेन. तिच्याबरोबर आईच्या हस्ताक्षरात चार पदार्थांचे कागद दिले: आमटी, मेतकूट-भात, सोलकढी, पोहे. चारच. मोठी वही दिली असती तर ती ड्रॉवरमध्ये पडली असती.

मुंबईच्या आठवणींच्या वस्तू, म्हणजे मरीन ड्राइव्हचा फोटो, लोकलचं खेळणं, सगळ्या मित्रांची फ्रेम, मी पहिल्या सहा महिन्यांत पाठवत नाही. कोणाला त्या आधार देतही असतील. माझ्या मैत्रिणीने निघताना नेलेली फ्रेम नोव्हेंबरमध्ये कपाटात ठेवली, कारण ती बघून रोज रडू यायचं. वाटी रोज हातात येते आणि तिच्यातून काहीतरी शिजतं, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

भरणं आणि वजन

खासगी कुरियर खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचं वजनही काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५०००ने भागतात, आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. माझ्या पहिल्या खोक्याचा गुणाकार ४७,२५० आला, भागून साडेनऊ किलो, म्हणून सहा किलोच्या फराळाला साडेनऊचे पैसे. दुसरं खोकं ३० बाय २२ बाय १४चं घेतलं. गुणाकार ९,२४०, म्हणजे १.८५ किलो, आणि खरं वजन १.९ किलो. दोन्ही आकडे जवळ आले की खोकं योग्य मापाचं आहे असं समजा. घरातून निघण्याआधी टेप लावून हा हिशोब करा आणि भागाकार कितीचा आहे ते कुरियरवाल्याला फोनवरच विचारा.

मसाला आणि मेतकूट दुहेरी पिशवीत हवा काढून बंद करून घ्या, नाहीतर सगळ्या डब्याला मसाल्याचा वास लागतो आणि वड्याही तशाच लागतात. चिवड्याची हवा काढू नका, पोह्यांचा चुरा होतो. तो कडक डब्यात भरा आणि वर मोकळी जागा राहिली तर कागदाचा बोळा घाला. लोणचं मी पाठवत नाही. तेल झिरपलं की घोषणापत्रही भिजतं. खोकं बंद करून हलवून बघा. आतून खडखड आवाज आला तर उघडा आणि रिकामी जागा मऊ कपड्याने भरा. मी तिच्यासाठी पायमोजे भरले, अर्थात तेही घोषणापत्रात वेगळी ओळ करून.

टपालाने पाठवायचं तर सीएसएमटीजवळच्या जीपीओत परदेशी स्पीड पोस्टची सोय आहे. ओळखपत्राची प्रत बरोबर ठेवा आणि खोकं पूर्ण सील न करता न्या, आतलं बघायचं म्हणाले तर पुन्हा फाडावं लागत नाही. कुरियर महाग पडतं पण बहुधा लवकर पोहोचतं. नाताळच्या आधीचे दोन-तीन आठवडे तिकडच्या टपालावर फार ताण असतो, २५ आणि २६ डिसेंबरला सुट्टी असते. मी २७ डिसेंबरला कुरियर केलं आणि ८ जानेवारीला ते खालच्या आजींकडे पोहोचलं. संक्रांतीला सहा दिवस हातात होते. साध्या टपालाने पाठवलं असतं तर मी तीन आठवडे धरले असते.

तिकडेच घ्यायची भेट

डबा संपतो, म्हणून दुसरी भेट तिकडेच घेतलेली असावी. मी आणि आणखी तिघींनी पैसे जमवून तिला फोल्क्सहोखशूलेच्या एका वर्गाची फी दिली. हे जर्मनीतल्या बहुतेक शहरांत असलेलं प्रौढांसाठीचं शिक्षण केंद्र. भाषा, स्वयंपाक, शिवण, गाणं, चित्रकला असे संध्याकाळचे वर्ग तिथे माफक फीमध्ये चालतात. वसंत सत्र साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे जानेवारीतच नाव घालावं लागतं.

कुठला वर्ग निवडायचा याचा थोडा विचार करा. एक दिवसाचा वर्ग घेऊ नका. तीच माणसं दर आठवड्याला भेटली तरच चौथ्या-पाचव्या वेळी गप्पा सुरू होतात. भाषेचा वर्ग गरजेचा आहेच, पण तिथे सगळेच परके असतात आणि सगळेच दमलेले. आम्ही मातीकामाचा निवडला, दर गुरुवारी संध्याकाळी, दहा आठवडे. हात मातीत असले की मोडक्या जर्मनमध्येही चालतं, शांत राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, आणि शेजारचा माणूस आपोआप "पाणी थोडं कमी घे" म्हणतो.

नाव तिचं तिनेच घालू दे, पैसे तुम्ही तिला द्या. भारतीय कार्डाने तिकडची फी भरताना अडचणी येतात, आणि नोंदणीला तिचा तिकडचा पत्ता लागतो. मात्र "बघ जमलं तर" म्हणून सोडू नका. आम्ही व्हिडिओ कॉल लावून बसलो आणि तिने फॉर्म भरून पाठवेपर्यंत फोन ठेवला नाही.

फोनची वेळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. तोपर्यंत मुंबई जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असते, त्या दिवसापासून साडेचार. ती संध्याकाळी सहाला घरी येते तेव्हा आपल्याकडे आधी साडेनऊ वाजलेले असायचे, आता साडेदहा. इकडे घरातले झोपायला जातात, फोन पाच मिनिटांत आटोपतो, आणि कोणालाच न कळता बोलणं कमी होतं. आमचं नोव्हेंबरमध्ये नेमकं हेच झालं. म्हणून ऑक्टोबरातच नवी वेळ ठरवा. आम्ही रविवारी दुपारी दोन ठरवली, तिकडची सकाळची साडेनऊ. रविवारी तिकडे बहुतेक दुकानं बंद असतात, तो तिचा सर्वांत मोकळा दिवस. फोनवर "कशी आहेस?" विचारलं की उत्तर "बरी आहे" एवढंच येतं. मी तिला सांगायचे की आज सोसायटीत टँकर आला, खालच्या काकांनी गाडी पुन्हा आमच्या जागेवर लावली. मग तीही तिच्या जिन्यातलं सांगायला लागली.

भेटीने भागत नसेल तर

पार्सल पोहोचून दोन आठवडे झाले तरी उघडलेलं नसेल, ती रात्रभर जागी असते हे मेसेजच्या वेळांवरून दिसत असेल, जेवण सुटलं असेल, तर आणखी डबा पाठवू नका. तिला सरळ विचारा, आणि तिकडच्या फॅमिली डॉक्टरची वेळ घ्यायला लावा. विमा असतोच, तो यासाठीही आहे. जर्मनीत टेलिफोनझेलझोर्गे ही मदतवाहिनी दिवसरात्र मोफत चालते, नंबर `0800 1110111`. तिथे मुख्यतः जर्मन बोलतात, म्हणून पहिला फोन करताना भाषा येणारं कोणी जवळ असलेलं बरं. तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर थांबू नका: `112` हा तिकडचा आपत्कालीन नंबर, तो तिच्या जवळच्या कोणाला तरी लावायला सांगा.

माझ्या मैत्रिणीवर ती वेळ आली नाही. फेब्रुवारीत खालच्या आजींनी स्टीलची डबी परत दिली, आत अक्रोडाची बिस्किटं होती. तिने फोटो पाठवला आणि विचारलं, "आता यात काय भरून देऊ?" आईने नारळाच्या वडीचं माप लिहून पाठवलं, वाटीचंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे गेली आणि अंतर साडेतीन तासांवर आलं. मी तिला म्हटलं, आता गुरुवारीही रात्री साडेनऊला बोलता येईल. ती म्हणाली, "गुरुवारी नको गं, वर्ग सुटल्यावर आम्ही सगळे जेवायला जातो."